जरा उठाव येऊ द्या

साबणवाल्या काकांचा आवाजी निरोप आला तेव्हा ती एका हाताने लेकीच्या तोंडातला मेणखडू काढत होती आणि दुसऱ्या हाताने दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवत होती. निरोप तिने कोपराने सुरू केला.

‘ताई, छान झालंय हं. एकदम छान. फक्त काय आहे, जरा पॉप व्हायला पाहिजे. म्हणजे जरा उठाव येऊ द्या. बाकी तुम्ही हुशार आहात, तुम्हाला काय सांगायचं.’

मेणखडू निघाला, दूध वाचलं आणि तिच्या डोक्याची शीर मात्र उडायला लागली.

एक साबण. त्याचं एक खोकं. तळहातावर मावेल एवढं. ह्या खोक्याच्या डिझाइनने तिच्या नाकी नऊ आणले होते. किती वेळा बदलून झालं हे मोजणं तिने सोडून दिलं होतं. फाइलच्या नावातच ते दिसायचं. आधी ‘फायनल’, मग ‘फायनल नवीन’, मग ‘फायनल नवीन खरंच’, आणि परवा वैतागून ठेवलेलं ‘आता बास’.

पहिलं डिझाइन तिला मनापासून आवडलं होतं. फिका हिरवा रंग, वर भरपूर मोकळी जागा, त्या जागेत एकच पान तरंगतंय आणि खाली, पायाशी टेकल्यासारखं, साबणाचं नाव. बाळंतपणाच्या रजेनंतर हाती आलेलं ते पहिलं संपूर्ण काम. लेक मांडीवर झोपलेली असताना, पाय हलू न देता, तिने ते पान रेखाटलं होतं. काका म्हणाले, छान आहे, पण जरा पॉप होऊ द्या. तिने हिरवा गडद केला. छान, पण उठाव नाही. तिने हिरवा काढून केशरी आणला. नाव मोठं केलं. अजून मोठं केलं. नावाला सोनेरी कड दिली. शेवटी, जे करायचं नाही असं कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात तेही केलं: कोपऱ्यात टोकेरी लाल चांदणी काढून आत ‘नवीन’ लिहिलं. त्या रात्री तिला स्वतःची लाज वाटली होती. आणि आज सकाळी त्या चांदणीवरही तेच उत्तर आलं होतं.

मधे एकदा तिने विचारून पाहिलं होतं, की काका, पॉप म्हणजे तुम्हाला नेमकं काय अपेक्षित आहे? काका म्हणाले, पॉप म्हणजे उठून दिसायला पाहिजे. उठून म्हणजे? म्हणजे डोळ्यात भरलं पाहिजे. आणि मग ते नेहमीचं, तुम्ही तज्ज्ञ, तुम्हालाच कळणार.

स्टुडिओत पोचली तेव्हा निरोप तिच्या आधी पोचला होता. स्टुडिओ म्हणजे तीन खोल्या, एक अडणारा प्रिंटर, आणि दारापाशी बसणारा दाढी. दाढी तिच्यापेक्षा सीनियर. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कळायचं. ती रजेवरून परतल्यापासून तिला ‘मातोश्री’ म्हणायचं खूळ त्यानेच काढलं होतं.

“या मातोश्री. साबणाने तोंडाला फेस आणला म्हणे.”

“तुझ्या दाढीला लागेल तो,” ती म्हणाली आणि बॉसच्या खोलीत गेली.

बॉस वाईट माणूस नव्हता. तो आवाज चढवत नसे, नुसता टेबलावरची पट्टी सरळ करत बसे. आज त्याने ती दोनदा सरळ केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: रोज तीनला निघायची मुभा त्याने तिला विश्वासाने दिली होती. पण एक खोकं जर महिना खाणार असेल, तर त्याला वाटायला लागलंय की अर्ध्या दिवसात अर्धंच काम होतं. शुक्रवारपर्यंत साबण मंजूर झाला तर ठीक. नाहीतर तो दाढीकडे जाईल, आणि तिने पूर्ण दिवस यायचं, सगळ्यांसारखं.

पूर्ण दिवस यायचं म्हणजे लेकीला पाळणाघरात अंधार पडेपर्यंत ठेवायचं. पाळणाघर तीननंतर चालू असे, नाही असं नाही. पण तीनला दार उघडल्याबरोबर जे पिल्लू दुडुदुडु धावत येऊन गुडघ्यांना मिठी मारायचं, ते एकदा उशीर झाला तेव्हा कोपऱ्यात आपली बूट-पिशवी पोटाशी धरून, कुणाशी न बोलता बसलं होतं. ते दृश्य तिच्या डोळ्यांसमोरून गेलं नव्हतं. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या टोकाला, त्याच्याने तीनचं जमणं शक्य नव्हतं.

“मी त्यांना नीट प्रश्न विचारते,” ती म्हणाली. “रंग-बिंग नंतर. आधी त्यांनी काय बघितलं ते तरी कळू दे.”

बॉसने पट्टी तिसऱ्यांदा सरळ केली. क्लायंटला प्रश्न विचारायचे नाहीत, हा स्टुडिओचा जुना शिरस्ता होता. प्रश्न विचारले की त्याला वाटतं ह्यांना काही सुचत नाही. आपण पर्याय द्यायचे, त्याने बोट ठेवायचं. दुकान असंच उभं राहिलं होतं.

“तीन पर्याय दे त्यांना,” बॉस म्हणाला. “एक भडक, एक अति भडक, आणि एक आपल्याला हवा तो. लोक मधलं उचलतात.”

बाहेर दाढीने हळूच सुचवलं की काही बदलूच नको, फाइलचं नाव बदल आणि पाठव; त्याने एकदा असंच एक कॅलेंडर मंजूर करून घेतलं होतं. ती हसली नाही. दिवसभर तिने पर्याय बनवले आणि प्रत्येक पर्याय बनवताना तिला जाणवत राहिलं, की आपण अंधारात दगड मारतोय आणि दगड केशरी आहे की जांभळा यावर खल करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने बुटांवरून आकांत मांडला. “नको” एवढं एकच उत्तर. निळे बूट नको, तर लाल दिले. लाल नको, तर चपला दिल्या. चपलाही भिरकावल्या. पापी घेऊन झाली, पक्षी दाखवून झाला, थोडं ओरडूनही झालं, आणि ओरडल्याचं लगेच वाईट वाटलं. घड्याळ पुढे पळत होतं. शेवटी ती जमिनीवर मांडी घालून बसली, ते इवलंसं पाऊल हातात घेतलं आणि एकेक बोट दाबत विचारायला लागली. इथे? लेकीने मान हलवली, नाही. इथे? नाही. इथे? लेक गप्प झाली आणि ओठ बाहेर काढून तिच्याकडे बघायला लागली. मोज्याच्या आत, करंगळीपाशी, दोऱ्याची गाठ आली होती. मोजा उलटा केला, गाठ कापली, निळे बूट चढले. पिल्लू हुंदके आवरत दारापाशी जाऊन उभं राहिलं, जणू उशीर आईमुळेच होतोय.

पाळणाघरासमोर, लेक आत गेल्यावर, ती कट्ट्यावर बसली आणि फोनवर टाइप करायला लागली. आधी लिहिलं, ‘काका, तुम्हाला नेमकं काय खटकतंय?’ ते पुसलं. त्यांना ते सांगता आलं असतं तर महिन्यापूर्वीच सांगितलं असतं. ‘रंग आवडला का?’ तेही पुसलं. आवडीनिवडीचं विचारलं की माणूस हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो, आणि दोन्हीतून हाती काही लागत नाही. काकांना डिझाइनमधलं कळत नसेल, पण डोळे तर त्यांना होतेच. मग विचारायचं ते डोळ्यांना. ज्याचं उत्तर त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे, तेवढंच.

मग तिने लिहिलं. खोकं तुम्ही कुठे पाहिलंत, फोनवर, कागदावर, की आणखी कुठे? किती लांबून, आणि बसून की उभ्याने? पाहिल्याबरोबर आधी नजर कशावर गेली? आधी कशावर जायला हवी, नावावर, पानावर, की ‘कडुनिंबाचा साबण’ ह्या शब्दांवर? एकच सांगा. खोक्याच्या आजूबाजूला काय ठेवलेलं असतं? उठाव नाही असं तुम्हाला वाटलं की दुसऱ्या कुणाला, आणि ती व्यक्ती काय म्हणाली, तिच्याच शब्दांत? आणि शेवटचं, ह्यातलं काय मी अजिबात हलवू नये?

वाचून तिलाच वाटलं, हे जरा चौकशी आयोगासारखं झालंय. शेवटी ‘सुचेल तशी, तुटक उत्तरं दिलीत तरी चालेल काका’ असं जोडलं आणि धीर खचायच्या आत पाठवून टाकलं.

काकांनी उत्तर दिलं नाही. काकांनी थेट बॉसला फोन केला.

ती जागेवर बसते न बसते तोच आतून हाक आली. बॉसने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. पट्टी हातात होती.

“तुमच्या ताईंनी मला परीक्षेचा पेपर पाठवलाय,” काकांचा आवाज खोलीभर घुमला. “एवढे प्रश्न मला लग्नात सासऱ्यांनी विचारले नव्हते.”

बॉसने तोंड भरून माफी मागितली. म्हणाला, त्या जरा गोंधळल्यात, काम आता आम्ही दुसऱ्या माणसाकडे देतोय, तुम्ही निश्चिंत रहा. ती तिथेच उभी होती. दाराच्या फटीत दाढी दिसत होता. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा पार मावळली होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. पण ओरडून उपयोग नव्हता, हे ती त्या सकाळीच शिकली होती.

“काका,” ती फोनकडे वाकून म्हणाली, “पेपर राहू दे. एकच सांगा. खोकं तुम्ही पाहिलंत कुठे?”

“कुठे म्हणजे? दुकानात.”

बॉसची पट्टी थांबली.

“कोणत्या दुकानात?”

काका सांगायला लागले, आणि एकदा लागले ते थांबेनात. तिने पाठवलेलं प्रत्येक डिझाइन ते कारखान्यातल्या प्रिंटरवर छापत. कात्रीने कापत, जुन्या खोक्यांवर चिकटवत, आणि स्टेशनरोडच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात नेऊन काउंटरवरच्या ट्रेमध्ये लावत. साबण त्या ट्रेमधूनच विकला जायचा होता. ट्रे पुठ्ठ्याचे, छापून तयार होते, दुसऱ्या छापखान्यातून. मग काका वजनकाट्यापाशी उभं राहून गिऱ्हाईकं बघत बसत. प्रत्येक वेळी. केशरीच्या वेळी, सोनेरीच्या वेळी, चांदणीच्या वेळीसुद्धा.

“गिऱ्हाईक बघतं हो, पण हात घालत नाही. दुकानातली पोरगी म्हणाली, काका, दिसतच नाही कसला साबण आहे ते. मग मी तुम्हाला तेच कळवत होतो ना.”

“पण काका, तुम्ही तर पॉप म्हणत होतात.”

“अहो, ते माझा पुतण्या म्हणाला. डिझाइनवाल्यांना साधं बोललेलं कळत नाही, पॉप म्हणा म्हणजे कळेल.”

दाराच्या फटीतून दाढीच्या खोकल्याचा आवाज आला. बॉसने छताकडे पाहिलं.

तिला हसू यायला हवं होतं, पण आला तो राग, आणि गंमत म्हणजे तो काकांवर नव्हता. महिनाभर हा माणूस गोंदाने बरबटलेल्या हातांनी खोकी चिकटवत होता. त्याने एकदाही आपणहून सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. आणि इकडे ते सगळे पडद्यावर, पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर, हवेत एकट्या तरंगणाऱ्या खोक्याला रंग फासत बसले होते. जगातलं कुठलंही खोकं असं तरंगत नाही.

“मी आज ते दुकान बघून येते,” ती म्हणाली. बॉसला नव्हे, फोनला. काम दुसऱ्याकडे द्यायचं बॉसने पुन्हा काढलं नाही.

तीनला लेकीला घेऊन ती थेट तिकडे गेली. दुकान अरुंद, काउंटर छातीपर्यंत उंच. लेक कडेवर, लेकीची बूट-पिशवी खांद्याला, आणि लेकीच्या हातात अर्धं खाल्लेलं केळं. तिने ओळख सांगितल्यावर काउंटरपलीकडच्या पोरीने ट्रेकडे नुसतं बोट दाखवलं.

सगळं समोर होतं. ट्रेची पुढची कड वर आलेली होती आणि खोक्याचा खालचा एक तृतीयांश भाग तिच्यामागे गडप झाला होता. बरोबर तोच भाग. तिने पायाशी अलगद टेकवलेलं नाव, ते मोठं केलेलं, अजून मोठं केलेलं, सोनेरी कड दिलेलं नाव, सगळं ट्रेच्या पोटात. वर दिसत होती ती मोकळी जागा, तिची लाडकी, आणि एक पान. आणि लाल चांदणी, जी कसलंही नाव नसलेल्या वस्तूला ‘नवीन’ म्हणत होती.

आणखी एक गोष्ट तिने पाहिली. गिऱ्हाईक उभं असतं, त्यामुळे नजर वरून खाली येते. खोक्याची पुढची बाजू तिरकी दिसते आणि वरचं झाकण पूर्ण दिसतं. झाकण तिने कोरं ठेवलं होतं. शेजारी खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या होत्या, लाल, पिवळ्या, केशरी. तिचं केशरी खोकं त्या गर्दीत विरघळून गेलं होतं.

“लोक काय विचारतात?” तिने पोरीला विचारलं.

“विचारतात, हे काय, डासांचं आहे का?”

लेकीने केळ्याचा हात ट्रेला पुसला. तिने ट्रे पुसून काढला, पर्समधून शिवणाची टेप काढली, कडेची उंची मोजली, गिऱ्हाईक उभं राहतं तिथून फोटो घेतले. एक उभ्याने, एक जरा मागून, रस्त्यावरून आत येताना दिसेल तसा. मग काकांना एकच प्रश्न पाठवला, आणि खाली दोन पर्याय: ट्रे बदलता येईल, की खोकंच बदलायचं? लगेच उत्तर आलं. ट्रे छापून झालेत, खोकंच बदला.

घरी लेक खेळत होती, म्हणजे तिच्या पायावर बसून ठोकळे रचत होती. तिने ‘आता बास’ बंद केलं आणि अगदी पहिली फाइल उघडली, फिकी हिरवी. तो फिका हिरवा गोळ्यांच्या बरण्यांच्या लाल-पिवळ्या कल्लोळात शांत, म्हणूनच वेगळा दिसणार होता. नाव उचलून वर आणलं, पान त्याच्याखाली. मोकळी जागा खाली ढकलली, कडेमागे लपली तरी कुणाचं काही बिघडणार नाही अशी. खोकं बाहेर काढून हातात धरलं तर तिथे वजन आणि किंमत. झाकणावर पुन्हा नाव, मोठ्या अक्षरात, आणि ‘कडुनिंबाचा साबण’. चांदणी पुसताना तिने जरा जास्तच जोरात बटण दाबलं.

मग तिने ते छापलं, कापलं, लेकीच्या ठोकळ्याभोवती गुंडाळलं आणि पुठ्ठ्याची तेवढ्याच उंचीची कड समोर उभी करून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. छातीपर्यंत येईल असं, जाडजूड डब्यांवर. लांब उभी राहिली. नाव दिसलं. लेकीने ठोकळा परत मागितला. दिला.

शुक्रवारी सकाळी, तिने फाइलबरोबर दुकानातला फोटो जोडला, त्यात नवीन खोकं ट्रेमध्ये बसवून. खाली लिहिलं, ‘छापून ट्रेमध्ये लावून बघा. आवडलं का ते सांगू नका. दुकानातल्या मुलीला विचारा, गिऱ्हाईक काय विचारतं.’

दुपार होईपर्यंत तिने काम केल्यासारखं केलं. दाढी दोनदा येऊन तिच्या टेबलापाशी उभा राहिला आणि तिच्या फोनकडे बघून गेला. मग निरोप आला, ह्या वेळी लिहिलेला, काकांच्या हाताने, अर्धी अक्षरं चुकलेली: गिऱ्हाईक विचारतंय, केवढ्याला आहे. छापायला घ्या.

तिने तो बॉसला दाखवला. बॉसने वाचला, पुन्हा वाचला, आणि पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

“हे महिन्यापूर्वी विचारायला काय झालं होतं?” तो म्हणाला.

तिने पर्स खांद्याला लावली. बोलायला बरंच होतं, पण तीन वाजायला आले होते आणि भांडणात वेळ घालवणं परवडणारं नव्हतं. बॉसलाही बहुतेक आपलंच वाक्य ऐकू आलं असावं, कारण तो खुर्चीत जरा हलला. मग म्हणाला की एका दंतवैद्याच्या पाटीवर ‘जरा फ्रेश वाटू दे’ असा निरोप आलाय, दाढीचे दोन पर्याय परत आलेत. तिने ते प्रश्न लिहून द्यावेत. सगळ्यांसाठी.

“सोमवारी सकाळी देते,” ती म्हणाली. “आता मला निघायचंय.”

“हो, निघ ना. तीन वाजले की.” आणि ती दारापाशी पोचल्यावर, “तीनचं आहे तसंच राहू दे.”

दाढीने दार उघडून धरलं. “मातोश्री,” तो म्हणाला, आणि ह्या वेळी त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता, “दंतवैद्याला काय विचारू?”

“पाटी कुठून दिसते ते बघून ये आधी. पायी येणारं बघतं की गाडीतून जाणारं.”

पाळणाघराचं दार उघडलं तेव्हा निळे बूट आधी दिसले, मग त्यांच्यावरची पोरगी. गुडघ्यांना मिठी बसली. बूट-पिशवी आतच राहिली होती, ती आणायला कुणाचीच घाई नव्हती.

फोन वाजला. साबणवाले काका.

“ताई, सगळं एक नंबर. फक्त काय आहे, आता बघताना मला वाटलं, ते पान जरा…” काका शब्द शोधत राहिले. “म्हणजे जरा बोलकं झालं तर?”

तिने डोळे मिटले. लेक तिचं बोट धरून रस्त्याकडे ओढत होती. तिने एक दीर्घ श्वास घेतला, लेकीला कडेवर उचललं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काका,” ती म्हणाली, “आत्ता तुम्ही कुठे उभे आहात?”